गॅदरिंगचा फोटो आणि खालच्या दोन ओळी

डिसेंबर लागला की आपल्या शहरात गॅदरिंगचा सीझन सुरू होतो. तापडिया नाट्यमंदिर असो, संत एकनाथ रंगमंदिर असो, नाहीतर शाळेच्या मैदानावर टाकलेला मंडप, रोज कुठे ना कुठे लेकरं नटून उभी असतात. आणि रात्री आपले स्टेटस भरतात. "आमची राणी सगळ्यांत उठून दिसत होती." "पूर्ण ग्रुपमध्ये एक नंबर." "बाकीचे डान्स ठीक, पण आमच्या पिल्लूचा जवाब नाही."

प्रेमानेच लिहिलेलं असतं, त्यात वाद नाही. पण हे वाचतं कोण, ते बघा. त्याच वर्गाच्या ग्रुपवर बाकीच्या पोरांचे आईबाप असतात. मागच्या रांगेत, खांबाआड उभ्या असलेल्या लेकराची आईही ते वाचते. आणि ज्याच्यासाठी लिहिलंय ते लेकरू तर दहा वेळा वाचतं, आजीला वाचून दाखवतं.

माझी मुलगी तिसरीत आहे. यंदा त्यांच्या वर्गाची लेझीम होती, २४ लेकरं. नातेवाइकांच्या ग्रुपवर पहिला मेसेज आला तो "सगळ्यांत उठून दिसत होती" हाच. आता गंमत बघा, लेझमीत उठून दिसणं हा गुण नाहीच. चोवीस दांडे एकदम उघडले, चोवीस साखळ्या एकदम वाजल्या, तर ती लेझीम. एखादं पोरगं उठून दिसत असेल तर एक तर ते चुकलंय, नाहीतर शेजारच्याकडे न बघता आपल्याच नादात नाचतंय. म्हणजे ज्या कौतुकाने आपण लेकराला डोक्यावर घेतो, तेच सरांच्या दृष्टीने चूक!

मग कॅप्शनमध्ये लिहायचं काय? मी घरी येताना रिक्षात तिला तीनच प्रश्न विचारले. सुरुवातीला काय जमत नव्हतं? ते जमायला तू काय केलंस? आणि आज स्टेजवर काय झालं? "कसं वाटलं?" विचारलं की "छान" एवढंच उत्तर येतं. हे तीन विचारले की लेकरू बोलायला लागतं.

तिचं अडलं होतं गिरकीवर. चार मोजायचे, चौथ्यावर वळायचं आणि वळताना साखळी ओढून वाजवायची. ही हमखास उलटी वळायची. कारण सर समोर तोंड करून शिकवायचे. त्यांचा उजवा हात हिला डावीकडे दिसायचा. वर्गातल्या पाचसहा जणांचं हेच होत होतं. शेवटी सरांनी पोरांकडे पाठ करून दोन दिवस शिकवलं, तेव्हा दिशा बसली. पण वेग बसेना. लेझीम घरी मिळत नाही, सराव झाला की शाळा जमा करून घेते. मग हिने लाटण्याच्या दोन टोकांना सुतळी बांधली आणि गच्चीवर मोठ्याने मोजत गिरक्या मारल्या. आवाज येत नव्हता, म्हणून तोंडानेच "छन्" म्हणायची. दिवाळीच्या सुट्टीनंतर तीन आठवडे हे चाललं.

आणि कार्यक्रमात ती चुकलीच. रांगा बदलताना एक ठोका हुकला. मला खालून कळलं, कारण तिचा दांडा उघडा आणि शेजारच्यांचे मिटलेले. पण ती थांबली. दोन, तीन, चार जाऊ दिले आणि पुढच्या "एक"वर परत आत शिरली. सरांनी हेच शिकवलं होतं म्हणे: चुकलं तर मागे धावायचं नाही, "एक"ची वाट बघायची. माझ्या मते पूर्ण पाच मिनिटांत तिने केलेली सगळ्यात अवघड गोष्ट ती होती.

कॅप्शन असं झालं: "गिरकी उलटी पडायची. तीन आठवडे गच्चीवर लाटण्याला सुतळी बांधून मोजून मोजून केली. आज एकदा ठोका हुकला, थांबली, पुढच्या 'एक'वर परत आली. चोवीस लेकरांची लेझीम आणि समोरून पाठमोरे उभे राहून शिकवणारे सर."

यात कुणापेक्षा भारी, कुणापेक्षा कमी असं काही नाही. दुसऱ्या पोराचा बाप हे वाचून स्वतःच्या पोराला विचारू शकतो, "तुझं कुठं अडलं होतं रे?"

हे नुसतं चांगुलपणाचं बोलणं नाही. कॅरल ड्वेक आणि क्लॉडिया म्युलर या दोघींनी १९९८ साली अमेरिकेत पाचवीच्या मुलांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. कोडी सोडवल्यावर काहींना "तू हुशार आहेस" म्हटलं, काहींना "तू मेहनत घेतलीस". मग सगळ्यांना मुद्दाम अवघड कोडी दिली, ती कुणालाच नीट येईनात. त्यानंतर पुन्हा सोपी दिली, तेव्हा "हुशार" म्हटलेल्यांची कामगिरी आधीपेक्षा घसरली, "मेहनती" म्हटलेल्यांची सुधारली. दुसऱ्या शाळेतल्या अनोळखी मुलाला आपले मार्क लिहून कळवायचे होते, तेव्हा "हुशार" गटातल्या दहापैकी जवळपास चार मुलांनी ते वाढवून सांगितले. आणि पुढे काय वाचायचं असं विचारलं, तर या गटातल्या बहुतेकांनी कोडी सोडवायच्या युक्त्यांऐवजी इतरांना किती मार्क पडले तेच मागितलं. नंतरच्या सगळ्या अभ्यासांत एवढा मोठा फरक दिसलेला नाही, हेही सांगायला हवं. एका वाक्याने लेकरू घडत नाही की बिघडत नाही. पण नजर कुठे वळते ते यातून दिसतं.

आता यातही एक खोटेपणा शिरतो. "खूप मेहनत घेतली" हे लिहायला काही लागत नाही, आणि लेकराला ते कळतं. ज्याने सरावाला दांडी मारली त्याच्या फोटोखाली मेहनत लिहिली तर तोच मनात हसेल. तिथे सरळ लिहावं, "आज स्टेजवर मजा केली." सातवी-आठवीच्या पोरांचं तर अजून वेगळं. त्यांना नुसतं "प्रयत्न केलास" म्हटलं की ते ऐकतात, "जमलं नाही, पण ठीक आहे." त्यांच्यासाठी नेमकं काय सुधारलं तेच लिहावं लागतं: आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचला, पोवाड्याचं दुसरं कडवं आता न बघता येतं, असं. आणि "अप्रतिम, अविश्वसनीय" ही विशेषणं जरा हात आखडूनच वापरावीत. पुढच्या वर्षी तेवढंच अप्रतिम करावं लागेल या धास्तीने बुजरं पोरगं नावच देत नाही.

फोटोचंही तसंच. जवळून काढलेल्या फोटोत शेजारची दोन पोरं येतात, त्यांच्या घरच्यांना कुणी विचारलेलं नसतं. मी लांबून काढलेला, सगळी रांग दिसते पण चेहरे नाहीत असा फोटो टाकला. शाळेचं नाव टाकलं नाही.

टाकायच्या आधी मजकूर तिला वाचून दाखवला. लाटण्याचं लिहिलं तर चालेल का, विचारलं. चालेल म्हणाली. मग म्हणाली, "पण बाबा, एकदा नाही, दोनदा हुकला. दुसऱ्यांदा तुम्हाला दिसलंच नाही." तर ते दुरुस्त करून टाकलंय.