रिकामा रकाना

बँकेत इन्स्पेक्शन झालं की रिपोर्ट यायचा आणि शाखेला प्रत्येक परिच्छेदाला क्रमवार उत्तर द्यावं लागायचं. शोधनिबंधाचंही तसंच असतं, हे मला पुतणीमुळे कळलं. ती इथे सुरतेत तापीच्या पाण्यावर काम करते. सिंगणपूरच्या बंधाऱ्याच्या वर गोडं पाणी साठतं, खाली भरतीचं खारं पाणी येतं. दोन्हीकडच्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन किती, हे तिने मोजलं होतं. जर्नलने दोन परीक्षकांचे शेरे जोडून निबंध दुरुस्तीसाठी परत पाठवला. मुदत ३० दिवस.

तिने आणि तिच्या सरांनी उत्तरं लिहिली होती, पण पत्रासारखी, सलग चार पानं. शेरे एका फाइलमध्ये, उत्तरं दुसरीत. आता कोणतं उत्तर कोणत्या शेऱ्याचं, हे परीक्षक कशाला शोधत बसेल? सापडलं नाही तर दिलंच नाही, असं धरेल. "काका, तक्ता करायला बसता का माझ्याबरोबर?" ती म्हणाली.

चार रकाने पाडले: क्रमांक, शेरा, आमचं उत्तर, निबंधात बदल कुठे. शेरा जसाच्या तसा घेतला. त्याचा सारांश केला की नेमका अडचणीचा भाग गळतो.

दुसऱ्या परीक्षकाचा चौथा शेरा दिसायला एकच परिच्छेद, पण आत प्रश्न तीन. नमुने भरतीला घेतले की ओहोटीला? एका ठिकाणी किती घेतले? उन्हाळ्यातले का नाहीत? म्हणून त्याचे २.४ क, ख, ग असे भाग केले आणि उत्तरं समोर मांडली. ग समोरचा रकाना रिकामाच राहिला! सलग पत्रात ते कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

क ची गोष्ट वेगळी. उत्तर होतं, 'भरती-ओहोटीची वेळ आता नमूद केली आहे.' मी म्हटलं, "अगं, कुठे ते दाखव." निबंध उघडला तर ते वाक्य नव्हतंच. उत्तर लिहिलं गेलं, निबंधात घालायचं राहिलं. बँकेत नुसतं 'पूर्तता केली' लिहून भागत नसे, कागद दाखवावा लागे. मग प्रत्येक उत्तरापुढे पान आणि ओळ क्रमांक लिहिला, आणि तोही सगळे बदल संपल्यावर, अंतिम प्रत समोर ठेवून. आधी लिहिला तर पुढच्या दुरुस्तीत ओळी सरकतात आणि तक्ता खोटा पडतो.

राहिला ग. उन्हाळा तर उलटून गेला होता, नमुने आणणार कुठून? 'सूचना मौल्यवान आहे' म्हणून पुढे जाता आलं असतं, पण तक्त्यात तसली पळवाट लगेच उघडी पडते. शेवटी तिने सरळ लिहिलं: नमुने फक्त पावसाळ्यानंतरचे आहेत, म्हणून निष्कर्ष त्या काळापुरतेच मांडले आहेत. त्याप्रमाणे निबंधाचं शीर्षक आणि समारोपही बदलला, आणि दोन्हींचे ओळ क्रमांक चौथ्या रकान्यात गेले.

तक्ता मुदतीच्या आदल्या रात्री गेला. निकाल अजून यायचाय.