कालपर्यंतची रेषा

शेजारचा मुलगा परवा संध्याकाळी मोबाइल घेऊन आला. नुकताच शेअर बाजारात उतरलाय, अभ्यासू आहे. पडद्यावर एका शेअरचा सहा महिन्यांचा चार्ट होता आणि त्यावर तीन तिरक्या, समांतर रेषा. "काका, बघा ना," तो म्हणाला, "खालच्या रेषेला टेकला की वर जातो, वरच्या रेषेला टेकला की खाली येतो. चार वेळा झालंय असं. मग आपण फक्त भाव रेषेला टेकायची वाट बघायची, एवढंच ना?" मी त्याला वही-पेन आणायला सांगितलं. या पट्ट्यातली खरी मेख पडद्यावर दिसत नाही, हाताने गणित केलं की दिसते.

त्याला लोक रिग्रेशन चॅनेल म्हणतात. मधली रेषा अशी बसवायची की रोजच्या बंद भावांपासून तिच्या अंतरांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी यावी. ती अंतरं सर्वसाधारणपणे केवढी असतात, त्याचं माप म्हणजे प्रमाण विचलन. त्याच्या दुप्पट अंतरावर वर एक आणि खाली एक रेषा ओढली की पट्टा तयार. भाव आपल्या चालीपासून किती ताणला गेलाय हे मग एका आकड्यात सांगता येतं: दीड पट, दोन पट, तीन पट.

वहीत मी पाच दिवसांचे भाव लिहिले: 100, 103, 102, 107, 108. रेषा बसवली तर ती दिवसाला बरोबर 2 रुपयांनी चढते: 100, 102, 104, 106, 108. भावांची तिच्यापासूनची अंतरं झाली 0, 1, उणे 2, 1, 0. वर्गांची बेरीज 6. तिला पाचातून दोन वजा करून, म्हणजे तीनाने भागलं आणि वर्गमूळ काढलं, तर 1.41 येतं. दोन वजा का, तर रेषेची उंची आणि चढ या दोन गोष्टी आपण याच भावांतून काढून घेतल्या. काही सॉफ्टवेअर सरळ पाचाने भागतात. त्यांचा पट्टा जरा अरुंद येतो. शंभर दिवस घेतले की हा फरक नगण्य होतो.

आता सहाव्या दिवशी भाव एकदम 116 वर बंद झाला. कालपर्यंतची रेषा पुढे नेली तर ती 110 सांगते. ताण 6 रुपयांचा, म्हणजे कालच्या मापाने चार पटींहून जास्त. मुलाचे डोळे चमकले. मग मी त्याला तीच रेषा सहाही भाव धरून नव्याने बसवायला लावली. चढ 2 वरून 2.86 झाला, सहाव्या दिवशीची रेषा 113.14 वर आली, आणि विचलन 1.41 वरून 2.41 झालं. ताण उरला 1.2 पट. भाव तोच, दिवस तोच. चार पटींचा ताण कुठे गेला?

तो कुठेच गेला नाही. आजच्या भावाने रेषेला स्वतःकडे ओढलं आणि पट्टाही स्वतःसाठी रुंद करून घेतला. रेषेच्या टोकाच्या बिंदूत ही ताकद सगळ्यात जास्त असते. सहा दिवसांच्या रेषेत शेवटचा भाव स्वतःचं निम्म्याहून अधिक अंतर गिळतो. वीस दिवसांत ते सुमारे 19 टक्के होतं, शंभर दिवसांत 4 टक्के. चार टक्के ऐकून कुणी निश्चिंत होईल. पण बाजार एकाच दिवशी घसरून थांबत नाही. पंधरा दिवस एकाच दिशेने गेले तर त्यातला प्रत्येक दिवस आपापला वाटा ओढतो, आणि शंभर दिवसांची रेषासुद्धा मान टाकते.

यासाठी मी त्याला माझी 2020 सालची वही दाखवली. त्या वर्षीच्या जानेवारीत निफ्टी 12,300 च्या वर बंद झाला होता. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात तो घसरला, आणि 28 तारखेला शुक्रवारी 11,201 वर बंद झाला. आदल्या दिवसापर्यंतच्या शंभर दिवसांवर मी रेषा बसवली होती. भाव तिच्याखाली तीन पटींच्याही पलीकडे होता. मी वहीत लिहिलं, 'फार ताणला, परत यायला हवा', आणि सोमवारी खरेदी केली. 23 मार्चला निफ्टी 7,610 वर बंद झाला. तिथून आणखी 32 टक्के खाली.

आता तेच तीन महिने, जानेवारी ते मार्च, घ्या आणि त्यावर पट्टा ओढा. 28 फेब्रुवारीचा तोच बंद भाव मधल्या रेषेच्या वर दिसतो! त्या संध्याकाळी जो तीन पटींहून खाली होता, तो आज पाहणाऱ्याला थोडा महागच वाटेल. मुलाच्या मोबाइलवर भाव चार वेळा रेषेला टेकलेला दिसत होता, पण ती रेषा त्या चार दिवशी तिथे नव्हती. ती आजच्या भावांनी मागे जाऊन ओढलेली आहे. एवढ्यासाठी मी पट्टा टाकून दिला नाही, मोजायची पद्धत बदलली. रेषा कालपर्यंतच्या भावांवर बसवायची, एक दिवस पुढे न्यायची आणि आजचा भाव तिच्याशी ताडून बघायचा. एक्सेलमध्ये A रकान्यात 1 पासूनचे क्रमांक आणि B मध्ये बंद भाव असले, तर शंभर दिवसांसाठी एवढं पुरतं:

```
=(B102-FORECAST(A102,B2:B101,A2:A101))/STEYX(B2:B101,A2:A101)
```

यातला STEYX दोन वजा करूनच भागतो. हा आकडा मी रोज लिहितो. शेजारी आजच्या रेषेचा चढ आणि विचलनही लिहितो, कारण नुसत्या ताणावरून निर्णय घेणं मी त्या मार्चनंतर सोडलं.

दोन पटींच्या आत 95 टक्के दिवस राहतात, हे पुस्तकी वाक्य इथे लागू पडत नाही. ते खरं ठरायचं तर आजच्या अंतराचा कालच्या अंतराशी संबंध नसावा लागतो. भावांचं तसं नसतं. काल रेषेच्या खाली असलेला भाव बहुतेक आजही खालीच असतो. म्हणून ताण दोन पटींच्या पलीकडे गेल्यावर मी बघतो ते पुढचे आठ-दहा दिवस. भाव रेषेकडे परत आला आणि चढ साधारण तोच राहिला, तर तो ताण होता. ताणाचा आकडा कमी होतोय, पण भाव मात्र जागचा हललेला नाही, चढ वाकतोय आणि विचलन वाढतंय, असं दिसलं तर भाव रेषेकडे आलेला नाही, रेषा भावाकडे गेलेली आहे. पडद्यावर दोन्ही वेळा भाव पट्ट्याच्या आत आलेला दिसतो. वहीतल्या तीन रकान्यांत मात्र फरक स्वच्छ दिसतो.

मुलाने चार्टवरच्या त्या चारही दिवसांचं गणित घरी जाऊन केलं, प्रत्येक वेळी आदल्या दिवसापर्यंतचेच भाव धरून. दुसऱ्या दिवशी वही घेऊन आला. चारपैकी एकाच दिवशी भाव खरोखर दोन पटींच्या पलीकडे गेला होता.