युरिया वाढला, क्रिएटिनिन नाही

रिपोर्टमध्ये युरिया वाढलेला दिसला की नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला: ‘डॉक्टर, किडनी खराब झाली का?’ उत्तर देण्याआधी मी क्रिएटिनिन पाहतो. किडनीच थकली असेल तर बहुधा दोन्ही वाढतात. एकटा युरिया उसळला असेल तर कारण दुसरीकडे शोधावं लागतं.

सत्तरीतले एक शेतकरी आजोबा चक्कर येते म्हणून आले. युरिया 98, क्रिएटिनिन 1.1. आपल्याकडच्या लॅब बहुधा युरिया मोजून देतात, पण पुस्तकातलं गुणोत्तर युरियातल्या नायट्रोजनचं, म्हणजे बीयूएनचं असतं. म्हणून 98 ला 2.14 ने भागलं. आले साधारण 46. त्याला 1.1 ने भागल्यावर 42. हे गुणोत्तर एरवी 10 ते 20 च्या दरम्यान असतं.

पहिला संशय शरीरातलं पाणी कमी झाल्याचा. जुलाब, उलट्या, ऊन यांनी पाणी घटलं की किडनी ते वाचवायला लागते आणि परत ओढलेल्या पाण्याबरोबर युरियाही रक्तात परततो. क्रिएटिनिन तसं परत शोषलं जात नाही, म्हणून दोघांतलं अंतर वाढतं. पण आजोबांना ना जुलाब, ना उलट्या. पाणीही नीट पीत होते. नाडी मात्र 110.

‘आजोबा, संडासचा रंग कसा असतो?’

‘काळा. पण लोहाच्या गोळ्या चालू आहेत ना!’

लोहाने शौच काळी होते हे खरं, पण ती चिकट, उग्र वासाची होत नाही आणि लोहाने युरियाही वाढत नाही. गुडघ्यांसाठी ते दुकानातून दुखण्याच्या गोळ्या आणून रोज खात होते. हिमोग्लोबिन 8.2 निघालं, एंडोस्कोपीत जठरात अल्सर दिसला. जठरात सांडलेलं रक्त आतड्यात पचतं. 100 मिलिलिटर रक्तात सुमारे 20 ग्रॅम प्रोटीन असतं. त्याचा युरिया लिव्हर तयार करते. आजोबा नकळत रोज प्रोटीनचं जेवण जेवत होते. मोठ्या आतड्याच्या शेवटी रक्तस्राव असेल तर रक्त न पचताच बाहेर पडतं आणि युरिया सहसा असा चढत नाही.

भरपूर प्रोटीन पावडर घेणाऱ्या तरुणाचं किंवा स्टेरॉइडवरच्या रुग्णाचंही गुणोत्तर वाढू शकतं, म्हणून खाणं आणि औषधं विचारतो. अंगावर मांस नसलेल्या म्हाताऱ्या माणसाचं क्रिएटिनिन मुळातच कमी असतं. तिथे गुणोत्तर उगाच मोठं दिसतं.

उलट फसवणूकही होते. लिव्हर खराब असेल तर युरिया पुरेसा बनतच नाही. किडनी आधीच बिघडलेली असेल तर क्रिएटिनिनही चढलेलं असतं. अशा रुग्णाला रक्तस्राव होत असूनही गुणोत्तर नॉर्मल येऊ शकतं. म्हणून आकडा काहीही असो, शौचाचा रंग आणि दुखण्याच्या गोळ्या, हे दोन प्रश्न मी विचारतोच.