शिकवणीचा अर्ज आणि पहिला फोन

आळंद

चि. भाचीस,


कन्नडच्या शिकवणीला येणाऱ्या मराठी मुलाच्या अर्जात सर्वांत जास्त घोळ होतो तो भाषेच्या रकान्यात. तिथे पालक ‘मराठी’ लिहून मोकळे होतात आणि शिकवणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. घरात काय बोलतात, शाळेचे माध्यम कोणते आणि कन्नड हा विषय शाळेत पहिली, दुसरी की तिसरी भाषा म्हणून आहे, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. कर्नाटकच्या दहावीत पहिल्या भाषेला 125 गुण असतात आणि इतर विषयांना प्रत्येकी 100. भाषेचा क्रम बदलला की पुस्तक बदलते आणि प्रश्नपत्रिकाही. हा क्रम पुष्कळ पालकांना सांगता येत नाही. म्हणून तो विचारण्याऐवजी कन्नडच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठाचा फोटो मागवावा. शाळेचे गावही लिहून घ्यावे, कारण आळंद तालुक्याच्या पलीकडे अक्कलकोट आणि उमरगा लागतात आणि तिथल्या शाळेतल्या मुलाचे मंडळच वेगळे असते.

अर्ज एका पानाच्या एकाच बाजूवर मावावा. लांबला की अर्धा कोरा परत येतो. मजकूर मराठी आणि कन्नड दोन्हींत छापावा, म्हणजे घरातले कोणीही तो भरू शकेल. ‘अडचण काय आहे?’ असा प्रश्न ठेवला तर ‘सगळेच कच्चे आहे’ हेच उत्तर येते. त्यापेक्षा मागच्या परीक्षेतले कन्नडचे गुण आणि तपासलेली उत्तरपत्रिका घरी आहे का, एवढे विचारावे. फोन नंबर दोन घ्यावेत: पैशांचे बोलणे ज्यांच्याशी करायचे त्यांचा आणि मूल संध्याकाळी ज्यांच्याजवळ असते त्यांचा. वडील कामासाठी पुण्या-मुंबईला असले तर हे दोन नंबर एक नसतात. आधार क्रमांक मागू नये. शिकवणीला त्याचा उपयोग काय? 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील व्यक्ती बालक धरली आहे आणि तिच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. तेव्हा माहिती कशासाठी घेतली आणि किती दिवस ठेवणार हे दोन ओळींत छापून खाली पालकांची सही घ्यावी.

अर्ज वाचल्याशिवाय फोन करू नये. फोनला पंधरा-वीस मिनिटे पुरतात. सुरुवातीला फी आणि वेळ सांगून टाकावी; ती शेवटपर्यंत लपवली तर पालकांचे अर्धे लक्ष तिकडेच राहते. मग पालकांना बोलू द्यावे आणि त्यानंतर फोन मुलाच्या हातात द्यायला सांगावे. मुलाला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मागून आईच देऊ लागली, तर तेही कागदावर टिपून ठेवावे.

मुलाशी बोलताना खरी माहिती मिळते. समजा, सातवीतल्या मुलीच्या अर्जावर लिहिले आहे, ‘कन्नड बोलता येत नाही.’ फोनवर तिला पुस्तकातल्या तीन ओळी वाचायला सांगितल्या. सुटी अक्षरे आणि कागुणित, म्हणजे कन्नडची बाराखडी, ती नीट वाचते, पण ओत्ताक्षर आले की थांबते. ओत्ताक्षर म्हणजे मुख्य अक्षराखाली लिहिलेले जोडाक्षर. मग चार-पाच शब्द सांगून ते वहीत लिहायला लावले आणि फोटो मागवला. कन्नडमध्ये ‘ए’ आणि ‘ओ’ ऱ्हस्वही असतात आणि दीर्घही. ‘दे’ या अर्थाचा शब्द आणि ‘शिंग’ या अर्थाचा शब्द केवळ ‘ओ’च्या लांबीने वेगळे होतात. देवनागरीत दोन्ही ‘कोडु’ असेच लिहिले जातात, आणि या मुलीने कन्नडमध्येही दोन्ही सारखेच लिहिले. शेवटी बाजारात काय काय घेतले ते कन्नडमध्ये विचारले, तर ती अडखळत का होईना पण उत्तर देते. म्हणजे अर्जावर ‘बोलता येत नाही’ लिहिले होते आणि अडले होते लेखनात. तिला संभाषणाच्या वर्गात बसवले असते तर महिना फुकट गेला असता. याच्या उलट मूलही भेटते: गल्लीत खेळताना सफाईने कन्नड बोलणारे, पण अक्षरओळख नसलेले. दोघांना एका गटात बसवणे बरे नव्हे.

फोनवरच्या या तपासणीला मर्यादा आहेत. पाठ केलेला धडा मूल वाचल्यासारखे म्हणून दाखवते, त्यामुळे ओळी शाळेत अजून न झालेल्या धड्यातून निवडाव्यात. आवाज तुटत असेल तर ऱ्हस्व-दीर्घाचा निर्णय फोनवर करू नये. पहिल्या तासाला समोर बसवून करावा.

गुणांची हमी पालक हटकून मागतात. ती देऊ नये. दहावीची परीक्षा महिन्यावर आली असेल आणि मुलाला कागुणित येत नसेल, तर तेवढ्या वेळात काय होऊ शकते ते सांगून शिकवणी घ्यायची की नाही हे पालकांवर सोडावे. फोन ठेवण्यापूर्वी पहिल्या तासाचा दिवस आणि आणायची वही सांगावी. ऐकलेल्या चुका त्याच संध्याकाळी अर्जाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहाव्यात. पहिला तास त्या चुकांवरच घ्यायचा असतो.

तुझा मामा