डब्यातली चिंबोरी

रात्रीचे साडेदहा, द्रोणागिरी. मुलांसाठी लिहितोय त्या गोष्टीचं तिसरं प्रकरण आज चौथ्यांदा मोडलं. शेजारची सात वर्षांची पोर मोठ्याने वाचताना 'आश्चर्याने'वर अडखळली आणि पुढचा विनोद वाया गेला. तिथे 'आ वासून' लिहिलं. जोडाक्षर गेलं, हसू आलं.

मग शेवट. आधी गोष्टीतला बंडू खाडीत पडतो तिथेच प्रकरण संपत होतं. पोरीने वही मिटली आणि आईला हाक मारली. भीती जास्त झाली होती. आता वर्गात डबा आपोआप सरकतो आणि बाई विचारतात, "बंडू, डब्यात काय आणलंस रे?" बस्स, तिथेच थांबलो. आत चिंबोरी आहे हे वाचणाऱ्याला ठाऊक, बाईंना नाही. या वेळी पोरीने पान स्वतःच उलटलं.

चारशे शब्दांचे अडीचशे झाले. त्यात गोष्टीतल्या आजीचा एक झकास परिच्छेद गेला, त्याची हळहळ अजून आहे.