‘आय हॅड गॉन’ची गोष्ट

कुंभकोणमला एनसीसीच्या पोस्टिंगवर आलो तेव्हा इथे मराठी कानावर पडेल अशी अपेक्षा नव्हती. पण व्यंकोजीराजांच्या राज्याबरोबर सतराव्या शतकात इकडे आलेल्या घराण्यांचे वंशज तंजावर भागात अजून आहेत आणि घरात त्यांची मराठी बोलतात. आमच्या शेजारचं घर त्यातलंच. त्या घरातला मुलगा माझा माजी कॅडेट. बाहेर तमिळ, आजीशी तंजावरी मराठी, कॉलेजात इंग्रजी. त्याला पुढच्या शिक्षणासाठी परदेशी जायचंय. विद्यापीठाला आयेल्ट्सच्या बोलण्याच्या भागात ७ हवेत, पहिल्या खेपेला त्याला ६ मिळाले. परत फी भरून तारीख घेतली आणि माझ्याकडे आला. म्हणाला, ‘‘सर, मला इंग्रजी येतं. पण गोष्ट सांगायला लागलो की मध्येच हरवतो.’’

ही परीक्षा ११ ते १४ मिनिटांची, समोरासमोर, तीन भागांत. घोळ होतो तो दुसऱ्या भागात. एक कार्ड हातात मिळतं, ‘तुम्ही कधी हरवला होतात त्याबद्दल सांगा’ अशा धर्तीचं. खाली कधी, कुठे, काय झालं, कसं वाटलं असे मुद्दे. विचाराला एक मिनिट, सोबत कागद आणि पेन्सिल. मग एक ते दोन मिनिटं एकट्याने बोलायचं. दोन मिनिटं झाली की परीक्षक थांबवतो.

मी त्याला कार्ड दिलं आणि घड्याळ लावलं. त्याने २०१६ च्या महामहमची गोष्ट घेतली. दर बारा वर्षांनी इथे भरणारा हा मोठा स्नानाचा सोहळा. मुख्य दिवस होता २२ फेब्रुवारी. तेव्हा तो अकरा वर्षांचा, आजीबरोबर गेलेला. त्याचं इंग्रजी मी जसंच्या तसं लिहून घेतलं: ‘आय हॅड गॉन टू महामहम विथ माय ग्रँडमदर. वी हॅड टेकन बाथ. देन क्राउड हॅड कम. देन आय सी, शी इज नॉट देअर. शी हॅड टोल्ड मी...’ इथे थांबला. आजीने काय सांगितलं होतं हे त्याला पक्कं माहीत होतं. पण ते कधी सांगितलं, गर्दीच्या आधी की नंतर, हे वाक्यात कसं दाखवायचं ते सुचेना. चाळीस सेकंदांत गाडी बंद.

आता हे ‘हॅड गॉन’ येतं कुठून? आपल्या मराठीतून. ‘काल मी बाजारात गेलो होतो’ हे आपलं साधं वाक्य आहे. गेलो, आलो, संपलं, एवढाच त्याचा अर्थ. तमिळमध्येही ‘पोयिरुंदेन’ तसंच. इंग्रजीत मात्र ‘हॅड’ला स्वतंत्र काम आहे: गोष्टीतल्या एखाद्या क्षणाच्याही आधी काय झालं होतं, ते दाखवणं. नुसतं गेलो असेल तर ‘वेंट’. पहिल्या वाक्यापासून प्रत्येक क्रियापदाला ‘हॅड’ लावला की खरोखर मागे जायची वेळ येते तेव्हा हातात काही उरत नाही. मेसमध्येही हे रोज ऐकू येतं, ‘सर, आय हॅड गॉन ऑन लीव्ह’. तिथे कोणी गुण कापत नाही, म्हणून खपतं.

‘आय सी, शी इज नॉट देअर’ हेही मराठीच. ‘मागे वळून बघतो तर काय, आजी नाही!’ गोष्ट रंगात आली की आपण वर्तमानात उडी मारतो आणि ऐकणाऱ्यालाही मजा येते. इंग्रजीतही गप्पांमध्ये असं चालतं, पण परीक्षेत दोन वाक्यं भूतकाळात आणि तिसरं वर्तमानात आलं की ती काळाची चूक वाटते. आणि ‘देन, देन’? मराठीत आपण ‘आंघोळ करून, कपडे बदलून, रस्ता ओलांडून निघालो’ असं एका दमात म्हणतो. तमिळचीही तीच सोय. इंग्रजीत ती साखळी तुटते आणि प्रत्येक सांध्यावर ‘देन’ येऊन बसतो.

अकादमीपासून आम्हाला घटना सांगायची शिस्त लागलेली असते. गस्तीवरून परतल्यावर वेळ, जागा, काय दिसलं, काय केलं, याच क्रमाने सांगायचं. पहिल्या दिवशी मी त्याला तेच करायला लावलं. क्रम सुधारला, पण ऐकायला रिपोर्टच वाटत होता. या परीक्षेत ओघ आणि सुसंगती यांना स्वतंत्र गुण आहेत, तसे व्याकरणाच्या वैविध्यालाही. नुसत्या साध्या भूतकाळाची सरळ रांग लावून काम भागत नाही.

मग आम्ही कागदाचा उपयोग बदलला. तो त्या एका मिनिटात अख्खी वाक्यं लिहायला बसायचा आणि दीड वाक्यावर वेळ संपायची. मी सांगितलं, फक्त क्रियापदं लिही, ज्या रूपात बोलणार त्याच रूपात, एकाखाली एक. आणि शेवटचं क्रियापद सगळ्यात आधी, कागदाच्या तळाशी. तळाला आलं ‘फाउंड’. वर ‘वेंट’, ‘बेद्ड’, ‘वॉर वॉकिंग’, ‘पुश्ड’, ‘रिमेंबर्ड’. ‘हॅड टोल्ड’ मात्र रांगेत नाही, ‘रिमेंबर्ड’च्या बाजूला, चौकटीत. गोष्टीत मागे जायचं ते तेवढ्या एका ठिकाणी.

महामहमची गोष्ट या कामाला फार सोयीची, कारण स्नानाचा क्रम ठरलेलाच आहे: आधी महामहम तलाव, मग सारंगपाणी मंदिराचं पोट्रामरै कुळम, शेवटी कावेरी. दोघं तलावात न्हाले: ‘फर्स्ट, वी बेद्ड’. पोट्रामरैकडे चालत होते, तेवढ्यात गर्दीने ढकललं: ‘वी वॉर वॉकिंग, व्हेन द क्राउड पुश्ड अस अपार्ट’. चालणं चालू होतं, ढकलणं एकदाच घडलं, म्हणून ‘वॉर वॉकिंग’ आणि ‘पुश्ड’. वळेपर्यंत आजी दिसेनाशी झालेली: ‘बाय द टाइम आय टर्न्ड अराउंड, शी हॅड डिसअपिअर्ड’. मग आठवण: ‘देन आय रिमेंबर्ड. दॅट मॉर्निंग शी हॅड टोल्ड मी’, चुकामूक झाली तर सारंगपाणीच्या गोपुराखाली उभा राहा. इथून लगेच वर्तमान प्रसंगात परत यायचं: ‘सो आय वेंट’. हा ‘सो’ महत्त्वाचा. मागे गेलेला माणूस परत आला, हे ऐकणाऱ्याला त्यानेच कळतं. शेवटी ‘इन द एंड, आय फाउंड हर’.

या घटनेत ‘हॅड’ दोनदाच येतो आणि दोन्ही वेळा त्याला काम आहे.

तरीही तिसऱ्या सरावात तो अडकला. आजीने सकाळी सांगितलं यावरून सकाळी काय खाल्लं, कोण कोण सोबत होतं, असा आणखी मागे मागे गेला. धागा सुटतो तो असा: ‘हॅड’वर ‘हॅड’ चढायला लागले की समजायचं वाट चुकली. अशा वेळी माफी मागून गोष्ट पहिल्यापासून सुरू केली तर वेळही जातो आणि ओघही. ‘एनीवे’ म्हणायचं, कागदावरचं पुढचं क्रियापद बघायचं आणि तिथून चालू पडायचं. हे जमायला त्याला आठवडा लागला. मग गोष्ट एक मिनिट पन्नास सेकंदांवर स्थिरावली.

पाठ केलेली गोष्ट परीक्षक ओळखतात, म्हणून रोज नवं कार्ड दिलं: ट्रेन चुकली, कोणाला मदत केली, काही मोडलं. क्रियापदांची रांग मात्र तशीच. दहावं कार्ड होतं, तुमच्या घरच्यांनी सांगितलेली एखादी गोष्ट. त्याने पुन्हा महामहमच घेतली, या वेळी आजीच्या बाजूने. ओसरीवर बसलेल्या आजीला त्याने मराठीत विचारलं, तुम्हाला मी कुठे सापडलो? आज्जी म्हणाल्या, सापडायला तू हरवलास कुठे, मी सगळा वेळ तुझ्या मागेच चालत होते, बघत होते सांगितलेलं लक्षात राहतं का.

पोरगा माझ्याकडे बघायला लागला. ‘‘सर, आता ‘शी हॅड बीन वॉकिंग’ लागेल ना?’’

परीक्षा पुढच्या शनिवारी आहे.