वळायच्या आधीची दोन पावलं

जालना एमआयडीसी

चि. छकुली,


तुझा व्हिडिओ पाहिला. शिडीतले पाय छान पडतात, एका घरात दोन पावलं टाकताना पट्टीला धक्काही लागत नाही. तरीही संरक्षणाला उतरलं की हुलकावणी देताना तू बाद होतेस, आणि शिडी आणखी वाढवू का, असं विचारतेस. माझं मत विचारशील तर वाढवू नकोस.

शिडीत तू एकाच लयीत पुढे जातेस आणि वेग बेताचाच असतो. त्यामुळे ब्रेक लावायची वेळच येत नाही. खो-खोत सगळा डाव ब्रेकवर आहे. आक्रमक उठली आणि तिने एकदा दिशा घेतली की खांब गाठेपर्यंत तिला मागे फिरता येत नाही, मधली पाटीही ओलांडता येत नाही. तुला दोन्ही करता येतं. पण हा फायदा पूर्ण वेगातून जागच्या जागी थांबून उलटं निघता आलं तरच मिळतो. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत प्रियंका इंगळेच्या संघाने पहिला विश्वचषक जिंकला. त्या सामन्यांचे व्हिडिओ तुझ्याकडे असतीलच. ते सावकाश लावून फक्त संरक्षक मुलींच्या कमरा बघ. वळायच्या आधीच त्या खाली आलेल्या दिसतील.

इथे संध्याकाळी पहिली पाळी सुटली की आमच्या कामगारांची पोरं सरावाला येतात. शिडी आम्ही खाटेच्या जुन्या नवारीची केली आहे, साधारण दीड फुटाचं एकेक घर. त्यातल्या एका मुलीची तक्रार अगदी तुझ्यासारखीच होती. म्हणून मोजून पाहिलं. खडूने तीन रेघा मारल्या: सुरुवातीची, दहा मीटरवरची आणि पंधरा मीटरवरची. मुलगी जोरात निघते, पंधराच्या रेघेवर पाय टेकवून परत फिरते. वेळ मात्र दहाची रेघ जाताना ओलांडली तिथपासून येताना ओलांडली तिथपर्यंतच धरायची, म्हणजे पाच मीटर जाणं आणि पाच मीटर येणं. स्टॉपवॉच दाबताना बोट सहज एक-दोन दशांश सेकंद चुकतं, म्हणून मोबाइल दहाच्या रेघेसमोर ठेवून स्लो मोशनमध्ये चित्रण केलं.

ती सरळ दहा मीटर २.१ सेकंदांत पळत होती. डाव्या पायावर वळताना २.८ लागले, उजव्यावर ३.१. वजाबाकी केली की वळण्याची किंमत कळते: डावीकडे ०.७, उजवीकडे पूर्ण १.०. म्हणजे तिचा वेग बरा होता, खोट एका पायाच्या वळणात होती. नुसता एकूण वेळ पाहिला असता तर आम्ही तिला आणखी पळवत बसलो असतो.

चित्रणात कारणही दिसलं. उजव्या पायावर वळायचं असलं की ती रेघेआधी पाच-सहा बारीक पावलं टाकायची, छाती ताठ ठेवायची, आणि शेवटचा पाय रेघेवर पडला की गुडघा आत झुकायचा. खरा ब्रेक शेवटच्या आधीच्या पावलावर लागायला हवा. त्या पावलाला कंबर खाली, गुडघा वाकलेला. मग शेवटचा पाय फक्त ढकलण्यापुरता. गुडघा पंजाच्या रेषेतच राहिला पाहिजे. आत झुकणारा गुडघा वेळ तर खातोच, पुढे दुखापतीलाही आमंत्रण देतो.

तिला आधी नुसतं थांबायला शिकवलं. पाच मीटर पळ, दोन पावलांत थांब, दोन अंक मोजेपर्यंत हलू नकोस. हे जमल्यावरच पाच मीटरची ये-जा सुरू केली. प्रत्येक पायावर पाच-सहा फेऱ्या, दोन फेऱ्यांमध्ये मिनिटभर विश्रांती, आठवड्यातून दोनदा, आणि अंग गरम झाल्यावर लगेच, पाय ताजे असताना. तुमच्याकडे शेवटी दमल्यावर सलग वीस ये-जा करून घेतात ना, त्याने दम वाढतो. वळण मात्र बिघडतं, कारण दमलेला पाय पुन्हा तीच बारीक पावलं टाकतो. दिवाळीनंतर मोजलं तेव्हा तिची उजवीकडची किंमत ०.८ वर आली होती. अजून डावीइतकी नाही.

शिडी टाकून देऊ नकोस, अंग गरम करायला पाच मिनिटं ठेव. फक्त नजर पायांवर नको. समोर मैत्रिणीला उभी कर. तू शेवटच्या घरात आलीस की तिने हात दाखवायचा आणि तू त्याच बाजूला पाच मीटर सुटायचं. सामन्यातही आक्रमकाच्या खांद्यांवरूनच तुला निर्णय घ्यायचा असतो. आणि हे मातीवर किंवा मॅटवरच कर. आमच्या शेडपुढच्या काँक्रीटवर बारीक धूळ असते, तिथे बूट सरकतो आणि पोरं आपोआप जपून वळतात. मग मोजणीही खोटी येते.

आता दोन्ही पायांची वजाबाकी करून आकडे कळव. व्हिडिओ पाठवशील तो बाजूने काढलेला, वळायच्या आधीची शेवटची दोन पावलं दिसतील असा पाठव.

तुझा,
मामा